अतिनील टॉर्चच्या उजेडात जुनी लेबले आणि चिठ्ठ्या: पुसट शाईची छायाचित्रे आणि चमकेचे रंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या बरणीवरच्या लेबलाची शाई पूर्ण उडाली आहे. अतिनील टॉर्चने ती वाचता येईल का?

बहुतेक वेळा येते, मात्र शाई कोणती होती यावर ते अवलंबून आहे. जुन्या काळी दौतीत आणि पुढे फाउंटन पेनातही जी काळी-निळी शाई वापरात होती, ती मायफळासारख्या टॅनिनयुक्त पदार्थाचा काढा आणि हिराकस यांपासून, म्हणजे टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून बनत असे. उजेडाने आणि दमट हवेने तिचा रंग काळ्यावरून तपकिरी आणि तपकिरीवरून फिकट पिवळा होत जातो, आणि शेवटी डोळ्यांना ती कागदापासून वेगळी दिसेनाशी होते. रंग गेला तरी शाईतील पदार्थ कागदाच्या तंतूंमध्ये रुतून राहिलेले असतात आणि अतिनील किरण शोषून घेण्याचा त्यांचा गुण शिल्लक असतो. टॉर्च मारल्यावर भोवतालचा कागद मंद उजळतो, पण जिथे अक्षर होते तिथे हा उजेड गिळला जातो, त्यामुळे उजळ पाटीवर काळी अक्षरे उमटतात.

अनेकांचा समज उलटा असतो, की लपलेली शाई चमकेल. चमकतो तो कागद. शाई फक्त त्याची चमक अडवते. हे एकदा मनात ठसले की पुढची बरीच उत्तरे आपोआप सापडतात.

बाजारात मिळणारी जांभळी टॉर्च चालेल का?

स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते आणि तिच्यातून भरपूर जांभळा उजेड डोळ्यांना दिसतो. हा दिसणारा जांभळा रंग कागदावरून परावर्तित होऊन छायाचित्रावर पसरतो आणि मंद चमक त्यात बुडून जाते. या कामाला ३६५ नॅनोमीटरची टॉर्च हवी, आणि तीही पुढे काळी काच बसवलेली. झेडडब्ल्यूबी-टू या नावाने विकली जाणारी काच दिसणारा उजेड बराचसा अडवते आणि अतिनील किरण पुढे जाऊ देते.

टॉर्च कितपत स्वच्छ आहे हे पाहण्याची एक घरगुती कसोटी आहे. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्यावी, तिचा बोटभर तुकडा अंधारात ठेवावा आणि त्यावर टॉर्च मारून फोटो काढावा. ही टेप स्वतः चमकत नाही, ती आलेला उजेड तसाच परत पाठवते. फोटोत टेप जवळजवळ काळी दिसली, तर टॉर्च ठीक आहे. ती जांभळी दिसली, तर तो टॉर्चचाच उजेड आहे आणि तुमच्या लेबलावरही तेवढाच जांभळा थर चढलेला असणार. मी हा तुकडा प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ठेवतो, कारण दोन महिन्यांनी फोटो उघडला की कोणता जांभळा खरा आणि कोणता उधारीचा, हे स्मरणावर सोडण्यात अर्थ नसतो.

निर्जंतुकीकरणासाठी विकले जाणारे २५४ नॅनोमीटरचे दिवे यासाठी मुळीच वापरू नयेत. ते डोळ्यांना आणि कातडीला भाजतात. ३६५ ची टॉर्चही डोळ्यांत मारू नये. अतिनील किरण अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावून काम करावे.

फोटो कसा काढावा?

खोली पूर्ण अंधारी असावी. दाराखालून येणारी उजेडाची रेघही चमकेपेक्षा प्रखर असू शकते. लेबल काळ्या, न चमकणाऱ्या कापडावर ठेवावे. पांढरी चादर घेऊ नये, कारण धुण्याच्या पावडरीमुळे ती निळी पेटते आणि तिचा उजेड लेबलावर पडतो. आपला पांढरा सदराही हेच करतो, म्हणून गडद कपडे घालणे बरे.

कॅमेरा किंवा फोन तिवईवर बसवावा आणि पूर्ण काम होईपर्यंत हलवू नये. आधी साध्या दिव्यात फोकस साधावा आणि तो तसाच कायम ठेवावा, कारण अंधारात यंत्राला फोकस सापडत नाही. संवेदनशीलता आयएसओ १०० किंवा २००, आणि उघडझापीचा काळ दोन ते आठ सेकंदांच्या दरम्यान ठेवून पाहावा. रंगसंतुलन स्वयंचलित ठेवू नये, दिवसाच्या उजेडावर पक्के करावे. स्वयंचलित ठेवल्यास यंत्र निळ्या चमकेला पांढरे करण्याचा प्रयत्न करते आणि प्रत्येक फोटोत रंग वेगळा येतो, मग रंगावरून काही अर्थ काढणेच अशक्य होते. फोनमध्ये ‘प्रो’ पद्धत असल्यास तीच घ्यावी आणि शक्य असल्यास कच्च्या स्वरूपात, म्हणजे रॉ फाइल, साठवावी.

टॉर्च साधारण हातभर अंतरावरून, तिरकी धरून, उघडझापीच्या काळात दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवावी. एकाच जागी धरल्यास मध्ये पांढरा डाग आणि कडेला काळोख येतो, आणि नवख्या डोळ्यांना तो काळोख शाईसारखा भासतो. फोटो संपताच टॉर्च बंद करावी, कारण ज्या उजेडाने शाई उडाली त्याच जातीचा, अधिक तीव्र उजेड आपण तिच्यावर पाडत आहोत. संपूर्ण काम चार-पाच मिनिटांत उरकेल अशी तयारी आधीच करून ठेवावी.

आणखी एक फोटो न चुकता घ्यावा: तिवई तशीच ठेवून, टॉर्च बंद करून, घरातल्या पिवळसर दिव्यात. पुढे तोच सर्वाधिक उपयोगी पडतो.

चमकेच्या निरनिराळ्या रंगांचा अर्थ काय?

आधी एक इशारा: रंगावरून पदार्थाचा अंदाज येतो, खात्री होत नाही. दोन वेगळे पदार्थ सारखे चमकू शकतात आणि एकच पदार्थ नवा असताना एक रंग, जुना झाल्यावर दुसरा दाखवतो.

डोळे दिपवणारा निळा-पांढरा रंग सर्वांत ओळखीचा. तो कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या प्रकाशवर्धक रसायनाचा असतो. अनुस्फुरणाचा, म्हणजे या चमकेचा, हा घरोघरी आढळणारा नमुना. झेरॉक्सचा कागद याच रंगाने पेटतो. कागदात ही रसायने १९५० च्या सुमारास आली, त्यामुळे १९३० सालची म्हणून दाखवलेली चिठ्ठी झेरॉक्सच्या कागदासारखी चमकली तर शंका घ्यायला जागा आहे. एकट्या चमकेवरून निकाल मात्र देऊ नये. जुना कागद ओला होऊन नव्या कागदाला चिकटला असेल किंवा साबणाच्या पाण्याचा शिंतोडा उडाला असेल, तर ही रसायने त्यात उतरतात. तेव्हा चमक सगळीकडे सारखी आहे की ठिगळांत, हे पाहावे. सारखी असेल तर ती कागदाचीच; कडेने किंवा थेंबाच्या आकारात असेल तर बाहेरून आलेली.

मंद, दुधाळ निळसर रंग जुन्या कागदाचा स्वाभाविक असतो. सरसाने चिकटवलेल्या जागा याहून थोड्या उजळ, निळसर पांढऱ्या दिसतात, म्हणून लेबल सुटून पडले असले तरी ते बरणीवर कुठे होते याचा चौकोन अनेकदा काचेवर स्पष्ट उमटतो.

पिवळा आणि हिरवट पिवळा हा आपल्या घरांत सर्वांत फसवा रंग. तेल आणि तूप जुने झाले की पिवळसर चमकतात. पण त्यांच्याहून कितीतरी तेजस्वी चमकते ती हळद. तिच्यातील कर्क्युमिन अतिनील प्रकाशात हिरवट पिवळे झळकते. पूजेत ठेवलेल्या वहीचा कोपरा किंवा स्वयंपाकघरातल्या डब्यावरच्या लेबलाची कड साध्या उजेडात निव्वळ मळकट दिसते आणि टॉर्चखाली तिथे बोटाचा ठसा उजळून उठतो. माझ्याकडे आलेल्या एका सद्गृहस्थांनी अशा ठशाला गुप्त शाईची खूण मानले होते. ती त्यांच्या आजीची हळदीची बोटे होती, आणि खरे सांगायचे तर मला तो ठसा गुप्त शाईपेक्षा अधिक मोलाचा वाटला.

नारिंगी चमक आली की लाख आठवावी. लाखेचे पॉलिश चढवलेली लाकडी पेटी आणि लाखेची मोहर फोडल्यानंतर कागदावर राहिलेला पापुद्रा हा रंग दाखवतात. काही लाल-गुलाबी शाया आणि शिक्क्याच्या शायादेखील नारिंगी किंवा गुलाबी झळकतात, म्हणून पुसट झालेला लाल शिक्का कधी कधी काळ्या अक्षरांच्या उलट, चमकत्या स्वरूपात वाचता येतो.

आणि काळा. काळा म्हणजे चमक नाही, किंवा गिळली गेली. लोहाची शाई काळी दिसते, पण टाचणीचा गंजही काळा दिसतो, पेन्सिल आणि काजळीही काळी दिसते, आणि जुन्या कागदावरचे तपकिरी ठिपकेही बहुधा काळेच दिसतात. या शेवटच्या बाबीने मराठी वाचकाला विशेष त्रास होतो, त्याविषयी पुढे.

सरावासाठी काय घ्यावे?

खिशातली नोट. शंभर रुपयांच्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्यात प्रकाशवर्धक रसायन नसते, त्यामुळे टॉर्चखाली तो जवळजवळ निस्तेज राहतो. त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर क्रमांकाची जागा उजळते, कागदात पेरलेले बारीक तंतू इकडेतिकडे चमकतात आणि सुरक्षा धागा पिवळा दिसतो. या तीन गोष्टी फोटोत स्वच्छ आल्या, तर तुमची मांडणी जमली असे समजावे.

आता हीच नोट कुणाच्या पँटच्या खिशात राहून धुतली गेली असेल, तर ती पूर्ण निळी पेटते. धुण्याच्या पावडरीतही तीच प्रकाशवर्धक रसायने असतात आणि ती कापसाच्या तंतूंना धरतात. नोट शेवटी कापूसच. म्हणून निळी चमकणारी प्रत्येक नोट खोटी असते असे मानून कुणाशी वाद घालू नये. नोटेचा खरेखोटेपणा जलचिन्ह, उठावदार छपाई आणि धागा हे सगळे एकत्र पाहून ठरतो.

फोटोत अक्षरे दिसतात, पण अजून पुसट आहेत. पुढे काय करावे?

रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो. कागदाची चमक निळसर असल्याने अक्षर आणि कागद यांतला फरक बहुधा निळ्या थरात सर्वाधिक असतो. कागद फार पिवळा पडला असेल तर हिरवा थर सरस ठरतो. जिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममध्ये `Colors → Components → Decompose` ने थर वेगळे करता येतात. आज्ञा लिहून चालवायचा इमेजमॅजिक हा प्रोग्राम असेल तर ही एक ओळ पुरते:

```
magick uv.tif -separate -normalize uv_%d.png
```

यातून मिळणाऱ्या फाइलींपैकी `uv_0` लाल, `uv_1` हिरवा आणि `uv_2` निळा थर. तिन्ही शेजारी ठेवून पाहावेत. कोणता चांगला हे आधीच ठरवू नये. यानंतर कॉन्ट्रास्ट वाढवण्याचा मोह आवरावा, कारण एका मर्यादेनंतर कागदाचा पोतच अक्षरांसारखा दिसू लागतो.

वरच्या शाईखाली दुसरे लिखाण आहे असे वाटते. ते वेगळे कसे काढावे?

यासाठीची पद्धत आर्किमिडीजच्या प्रसिद्ध हस्तलिखितावर वापरली गेली. दहाव्या शतकात चर्मपत्रावर उतरवलेला त्याचा ग्रंथ तेराव्या शतकात खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या होत्या. बाल्टिमोर येथील वॉल्टर्स कलासंग्रहालयात त्यावर काम झाले, तेव्हा साध्या दिव्यातील लाल थर आणि अतिनील उजेडातील निळा थर एकत्र करून खालचे लिखाण लालसर आणि वरचे काळे दिसेल अशी चित्रे तयार करण्यात आली. युक्ती इतकी सरळ आहे की घरच्या लेबलावरही ती चालते.

एका वैद्यांच्या कपाटातील काचेच्या बरणीचे लेबल मी असे पाहिले. साध्या उजेडात त्यावर ठसठशीत काळ्या शाईत फक्त ‘सुंठ’ असा शब्द होता आणि बाकीचा कागद कोरा, पिवळसर. टॉर्चखाली कागद दुधाळ निळसर झाला, म्हणजे त्यात प्रकाशवर्धक रसायन नव्हते. उजव्या कडेला हळदीचा अंगठा झळकला. आणि ‘सुंठ’ या शब्दाच्या आसपास दोन ओळींची गर्दी दिसू लागली, पण सगळेच काळे असल्याने वरचे आणि खालचे एकमेकांत गुंतलेले.

मग पिवळ्या दिव्यातील फोटोचा लाल थर `sadha_0` आणि टॉर्चच्या फोटोचा निळा थर `uv_2` घेतले. उडालेली लोहशाई पिवळट तपकिरी असते आणि लाल थरात ती जवळजवळ नाहीशी होते, तर काळी शाई तिथेही काळीच राहते. निळ्या थरात दोन्ही काळ्या. निळा थर दोनदा घेऊन असे तीन थर या क्रमाने जोडले:

```
magick sadha_0.png uv_2.png uv_2.png -combine jod.png
```

जिथे पहिला थर उजळ आणि बाकीचे दोन काळे, तिथे बिंदू लाल होतो. ‘सुंठ’ काळा राहिला आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत ‘बाळहिरडे’ आणि दुसऱ्या ओळीत ‘शके १८६२’ उमटले, म्हणजे इसवी सन १९४० च्या आसपासचे. बरणी तीच, माल बदललेला.

यात एक चूक होता होता राहिली. पहिल्या वाचनात मी ‘बाळहिंरडे’ वाचले, कारण ‘हि’च्या वर ठळक लाल ठिपका होता. साध्या उजेडातल्या फोटोत त्याच जागी तपकिरी डाग सापडला, आणि तसेच सहा-सात डाग लेबलाच्या कोऱ्या भागातही होते. जुन्या कागदावरचे हे ठिपके अनुस्वाराच्या मापाचे असतात आणि आपल्या लिपीत एका ठिपक्याने शब्द बदलतो, म्हणून प्रत्येक अनुस्वार साध्या फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय मान्य करू नये. आकड्यांतही अशी जोखीम आहे. बोरूच्या किंवा टाकाच्या लिखाणात शाईचा भरणा जाड रेघेत जास्त असतो आणि बारीक शेपट्या आधी उडतात. शेपटी गेलेला ‘९’ आणि ‘१’ यांत फरक करताना शेजारच्या आकड्यांवरून लिहिणाऱ्याचे वळण आधी समजून घ्यावे लागते.

जोडलेल्या चित्रात अक्षरांना एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळसर किनार दिसली, तर दोन फोटोंच्या दरम्यान तिवई किंवा लेबल हलले आहे. सुधारत बसण्यापेक्षा दोन्ही फोटो पुन्हा काढणे सोपे पडते.

मोडी कागदांवर याचा उपयोग होतो का?

पुष्कळदा होत नाही, आणि ते आधीच सांगितलेले बरे. काजळीच्या शाईने लिहिलेला मोडी कागद उजेडाने उडत नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि त्याचा रंग शतकानुशतके टिकतो. ती शाई जाते ती घासून किंवा पाण्याने. ती तंतूंत लोहशाईइतकी खोल रुतलेली नसते, त्यामुळे पापुद्रा निघाला की टॉर्चला दाखवायला मागे फारसे काही राहत नाही. अशा कागदावर डाग पडून अक्षर झाकले गेले असेल तर अतिनीलऐवजी अवरक्त छायाचित्रण घ्यावे; त्यात तपकिरी डाग विरळ होतात आणि कार्बन काळा राहतो. विसाव्या शतकातील मोडी चिठ्ठी काळ्या-निळ्या लोहशाईत असेल, तर मात्र वरची सगळी पद्धत लागू पडते.

पाण्याने धुतलेली निळी शाई परत दिसेल का?

शाळेत वापरतो ती धुता येणारी निळी शाई निव्वळ रंगद्रव्याची असते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. क्वचित फिकट सावली दिसते, अधिक अपेक्षा ठेवू नये. अशा वेळी टॉर्च बाजूला ठेवून साधा दिवा कागदाला जवळजवळ समांतर धरावा. बॉलपेनने किंवा कडक निबने दाबून लिहिले असेल तर कागदातील खाचांच्या सावल्या वाचता येतात.

कागदाला लिंबाचा रस, हळद किंवा काही रसायन लावून शाई वर आणता येते का?

कृपया लावू नये. एकोणिसाव्या शतकात युरोपातील ग्रंथालयांत उडालेल्या शाईवर मायफळाचा अर्क लावून ती काळी करण्याची पद्धत होती. काही दिवस अक्षरे ठळक झाली आणि नंतर ती पानेच गडद तपकिरी पडली. अशा पानांवर आज अतिनील उजेडही हतबल ठरतो, कारण तो अर्क सगळीकडे सारखाच काळा दिसतो.